घासायचं नाही, टिपायचं

माणसाच्या नाकातोंडातून जे जे म्हणून बाहेर येतं त्या सगळ्याची नूतनला किळस होती. रोह्याहून लग्न होऊन हमरापूरला आली त्याच आठवड्यात तिने आपला पेला वेगळा काढला आणि कुणी चुकून तोंडाला लावू नये म्हणून खिळ्याने त्यावर फूल कोरलं. सासऱ्यांनी, म्हणजे विठूबाबांनी, तेव्हा तिची भरपूर थट्टा केली होती. "आमच्या सुनेला कुणाची शिंक नुसती ऐकू आली तरी आंघोळ लागते," असं ते येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे. नूतनही हसायची, पण पेला वेगळा तो वेगळाच राहिला.

आणि आता आठ दिवस घरात विठूबाबांची सर्दी वाहत होती.

सर्दी कुणाला होत नाही? पण विठूबाबांची सर्दी साधी नव्हती, ती घरच्याच गणपती-कारखान्यातली सर्दी होती. तिथे मूर्ती सुकली की पॉलिश पेपरने घासतात, मग ओल्या फडक्याने तिच्यावरची माती पुसतात. असले फडके कारखान्यात जिथेतिथे पडलेले असतात, वाळून पापडासारखे कडक झालेले, शाडूची बारीक भुकटी धाग्याधाग्यात बसलेली. नाक वाहायला लागलं की विठूबाबांचा हात जवळच्या फडक्यावर जायचा. खसाखसा पुसायचे आणि फडका पुन्हा जागच्या जागी. एका दिवसात पन्नास वेळा. मूर्तीला पॉलिश करतात तसं या माणसाने आठ दिवस स्वतःच्या नाकाला पॉलिश केलं होतं.

व्हायचं तेच झालं. नाकपुड्यांच्या कडेची साल गेली. खाली मिशीच्या जागेपर्यंत कातडी लालभडक, ओलसर, मध्येच चकचकणारी, मध्येच पांढरे पोपडे सुटलेली. ओठांची गत त्याहून वाईट. नाक चोंदल्यामुळे म्हातारा रात्रंदिवस तोंडाने श्वास घ्यायचा, ओठ सुकायचे, सुकले की त्यावरून जीभ फिरवायचा आणि जीभ फिरवली की ते आणखी सुकायचे. खालच्या ओठाला मधोमध उभी चीर पडली होती. जेवताना आमटी लागली की ती चीर पुन्हा उघडायची आणि भातावर रक्ताचा एक ठिपका पडायचा. नूतन ताट वाढून सरळ मागच्या दारी जायची. तिच्या घशाशी यायचं. नवऱ्याच्या बापाबद्दल असं वाटणं बरं नव्हे हे तिला कळत होतं, पण कळून पोटातलं ढवळणं थांबत नाही.

सुशीलने, तिच्या नवऱ्याने, प्रेमाने म्हणा की वैतागाने, बापाच्या नाकाला डोकेदुखीचा झणझणीत बाम चोळला. सोललेल्या कातडीवर बाम! म्हातारा डोळ्यांतून पाणी काढत अंगणभर नाचला.

हे सगळं एकवेळ घरापुरतं राहिलं असतं. पण विठूबाबा कारखान्यात आखणीला बसत. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे. बाकी मूर्ती कुणीही रंगवो, डोळे विठूबाबांचे. चाळीस वर्षं. एका हातात झिरो नंबरचा ब्रश, समोर मूर्तीचा चेहरा, आणि दर दोन रेघांनी ब्रशचं टोक ओठांत धरून, फिरवून, केसासारखं बारीक करायचं. ओठ हेच त्यांचं हत्यार. काळ्या रंगाने त्यांच्या खालच्या ओठावर कायमचा एक डाग पडला होता. तो डागही नूतनला पाहवत नसे.

आठव्या दिवशी एक भयंकर गोष्ट घडली. विठूबाबा एका मूर्तीवर ओणवे झाले होते आणि त्यांच्या नाकातून एक थेंब सुटला तो थेट गणपतीच्या सोंडेवर पडला. नूतनने पाहिलं. सुशीलने पाहिलं. विठूबाबांनीही पाहिलं आणि ते फडका शोधायला लागले.

"ठेवा तो ब्रश," सुशील म्हणाला. "बाबा, बस झालं आता."

संध्याकाळी त्याने नीट समोर बसवून सांगितलं. चतुर्थी दहा दिवसांवर आली, तीसेक मूर्ती डोळ्यांसाठी थांबल्या आहेत. त्याने मागच्या महिन्यात छापे कापून ठेवले होते, फवाऱ्याची गन होती. छापा धरला, गन मारली, मिनिटात डोळा. "उद्या दुपारी आदेश रोह्याची मूर्ती न्यायला येतोय. तेवढी तुम्ही करा. नीट झाली तर पुढचं बघू. नाय झाली तर उद्यापासून सगळे डोळे गनवर. मग तुम्ही आराम करायचा."

आराम हा शब्द विठूबाबांनी असा ऐकला, जसं कुणी घराबाहेर जा म्हणालं.

रोह्याची मूर्ती म्हणजे नूतनच्या माहेरची. आदेश तिचा धाकटा भाऊ. तिच्या आजोबांच्या काळापासून त्यांच्या घरी विठूबाबांच्या डोळ्यांचाच गणपती बसायचा, आणि खरं सांगायचं तर ती मूर्ती न्यायला वडलांबरोबर आली तेव्हाच नूतनचं लग्न ठरलं होतं. तरीही त्या रात्री तिच्या मनात आलं ते हेच, की गन आली तर बरंच. म्हातारा घरात एका कोपऱ्यात बसेल, नाक आणि ते ओठ दिवसभर डोळ्यांसमोर राहणार नाहीत. हा विचार तिने कुणाला सांगितला नाही, पण तो आला होता.

सकाळी मात्र तीच पेणला गेली. बाजारातल्या औषधांच्या दुकानात तस्नीम बसायची. ती नूतनला ओळखत होती.

"कुणाचं नाक?" तस्नीमने विचारलं.

"सासऱ्यांचं. बघवत नाय गो. काय तरी दे आणि लवकर बरं कर."

"ताप हाय? पिवळ्या खपल्या धरल्यात? पू?"

"नाय. नुसतं सोललंय. लाल, ओलं." सांगतानाही नूतनने तोंड वाकडं केलं.

"मग सोपं हाय. पण तुला हात लावायला लागेल," तस्नीम हसली. "आधी पुसायचं बंद. घासायचं नाय, टिपायचं. मऊ सुती कापड घे, जुनं धुऊन धुऊन मऊ झालेलं. कोमट पाण्यात भिजव, खपल्या मऊ होईपर्यंत नुसतं धर, ओढून काढू नको. मग कोरडं टिप. मग ही साधी पेट्रोलियम जेली, वास नाय, रंग नाय. नाकाखाली आणि ओठांना पातळ थर. पातळ, कळलं? दिवसातून चार-पाच वेळा आणि झोपताना. बाम लावलात तर मी तुमच्याशी बोलणार नाय."

"आणि ओठ?"

"पाणी भरपूर प्यायला सांग. आणि ओठांवरून जीभ फिरवायची नाय. थुंकीने ओठ जास्त फुटतात."

"ते ब्रश तोंडात घालतात."

तस्नीमने डबी काउंटरवर ठेवली. "मग चार दिवस नाय घालायचा," ती म्हणाली.

चार दिवस कुठले, चार तासही नव्हते.

घरी आल्यावर नूतनने जुन्या धोतराचा तुकडा फाडला, कोमट पाणी केलं, श्वास रोखला आणि विठूबाबांच्या समोर बसली. म्हाताऱ्याने मुकाट्याने तोंड वर केलं. तिने कापड नाकाखाली धरलं. खपल्या भिजल्या, एक-दोन आपणहून सुटल्या आणि कापडावर आल्या. त्या बघून तिच्या अंगावर काटा आला. कोरडं टिपलं न टिपलं, डबी उघडली, बोटाने भला मोठा गोळा काढला, डोळे अर्धे मिटून नाकाखाली आणि ओठांवर थापला आणि उठून पळाली. मोरीवर साबणाने तीनदा हात धुतले. पातळ थर लावायला म्हणजे पुन्हा पुन्हा बोट फिरवायला लागतं, आणि तेवढं तिच्याच्याने झालं नाही.

"थंड वाटलं गो," विठूबाबा मागून म्हणाले. "लई बरं वाटलं."

बारा वाजता ते आखणीला बसले. नाकपुड्यांत धोतराच्या कापडाच्या दोन वाती कोंबल्या होत्या, म्हणजे थेंब पडायची भीती नाही. तेही दृश्य काही देखणं नव्हतं. सुशील हाताची घडी घालून मागे उभा राहिला. नूतन दुसऱ्या मूर्तीच्या शेल्याला सोनेरी काठ लावत होती, पण तिचं लक्ष इकडेच होतं.

विठूबाबांनी ब्रश काळ्या रंगात बुडवला, सवयीने ओठांत धरला, फिरवला, टोक काढलं. डाव्या डोळ्याच्या वरच्या पापणीची रेघ. ही रेघ ते एका श्वासात ओढत. ब्रश टेकला, पुढे सरकला आणि रेघ फुटली. सलग काळी येण्याऐवजी तिचे थेंब थेंब झाले, अळवाच्या पानावर पाणी गोळा होतं तसे.

विठूबाबा थांबले. ब्रश पाण्यात खळबळला, पुन्हा रंग घेतला, पुन्हा ओठांत टोक काढलं. पुन्हा रेघ ओढली. पुन्हा फुटली. पांढऱ्या डोळ्यावर राखाडी, चिकट शेंबडासारखा एक ओघळ झाला.

तिसऱ्यांदा त्यांनी ब्रश उचलला आणि खाली ठेवला. स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. हात उलटा केला, सुलटा केला.

"हात गेला वाटतं," ते हळूच म्हणाले.

"मी सांगत होतो," सुशील म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, सुटकाच होती. "वय झालं बाबा. होतं असं. उठा तुम्ही, मी गन लावतो."

हात गेला नव्हता. नूतनला इथून दिसत होतं. ब्रशच्या केसांवर उजेड पडला की ते तुपातून काढल्यासारखे चमकत होते. ओठांवरचा जेलीचा गोळा, तिने थापलेला गोळा, ब्रशवर गेला होता. पाण्यातल्या रंगाला तेलकटपणा लागला की तो धरत नाही, हे कारखान्यातल्या कुठल्याही पोराला ठाऊक असतं. पण चाळीस वर्षांत विठूबाबांच्या ओठांना काही लागलेलं नव्हतं. जेवण झालं की चूळ भरून, तोंड धुऊनच ते आखणीला बसत. जेलीला ना वास ना चव, आणि नाक बंद. म्हाताऱ्याच्या ध्यानातच आलं नाही. त्याने सरळ आपल्या हाताला दोष दिला.

आणि नूतन गप्प बसली.

गप्प बसली हे खरं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. शेल्याचा काठ अर्धवट ठेवून ती बघत राहिली. एक शब्द बोलायचा नाही, की झालं. ते नाक उठून घरात जाईल, तो डागाळलेला ओठ जाईल, पोपडे जातील. कारखाना स्वच्छ होईल. सुशीलने कॉम्प्रेसर चालू केला, त्याची घरघर सुरू झाली. विठूबाबा उठायला लागले. गुडघ्यावर हात टेकून उठताना त्यांनी आपला ब्रश पुसला, आणि पुसला तो त्याच कडक फडक्याने. चाळीस वर्षांत ब्रशला त्यांनी कधी तो फडका लावला नव्हता, ब्रशसाठी मलमलीचा तुकडा वेगळा असायचा. आता कशाला हवी मलमल, असंच ते पुसणं होतं.

नूतनला आता स्वतःची किळस आली. नाकाची यायची त्यापेक्षा कितीतरी जास्त.

"थांबा," ती ओरडली. "बंद करा ते मशीन! हात नाय गेला बाबांचा. मी मलम थापलंय त्यांच्या ओठाला. ब्रशला लागलंय ते."

सुशीलने कॉम्प्रेसर बंद केला. ती उठली, ब्रश त्याच्या डोळ्यांसमोर धरला, मग बोटांत चोळून बोट दाखवलं. बोट चकचकत होतं. "तस्नीमने पातळ सांगितलं होतं. मला लावायला शिसारी आली म्हणून गोळा चोपडला आणि पळाले. माझी चूक हाय."

विठूबाबा पुन्हा बसले. त्यांनी ओठाला बोट लावलं, बोट बघितलं आणि खो खो हसले. हसताना चीर उघडली.

पुढचा तास धावपळीत गेला. नूतनने आदेशला फोन करून नागोठण्याला चहा प्यायला थांबवलं. ब्रश साबणाने दोनदा धुतला. सुशीलने खराब झालेल्या डोळ्यावर शंखजिऱ्याची पूड दाबली, तेल त्यात ओढलं गेल्यावर अलगद झटकली, वरून पांढऱ्याचे दोन हात दिले आणि पंखा लावला. तो रागावला होता, पण काम येत होतं त्याला.

डोळा सुकला. विठूबाबांनी ओठ पुसून काढले आणि ब्रश ओठांत धरला, तोच चिरेतलं रक्त टोकाला लागलं. त्यांनी नखावर टोक काढून बघितलं. जमलं, पण त्यांचं समाधान होईना.

"नखावर टोक येतं गो, पण पाणी किती राहिलंय ते नखाला नाय कळत. ओठाला कळतं."

दोन वाजत आले होते. सुशीलची नजर पुन्हा गनकडे गेली.

"इकडे द्या," नूतन म्हणाली.

तिने ब्रश घेतला. दोन मिनिटांपूर्वी तो त्या ओठांत होता. तिने तो पाण्यात खळबळला, एकदा, दोनदा, चारदा. कितीही खळबळला तरी तो त्या ओठांतलाच ब्रश राहणार होता. मग तिने तो काळ्या रंगात बुडवला, डोळे मिटले आणि टोक आपल्या ओठांत धरलं. रंगाची कडवट चव जिभेवर पसरली. तिने टोक फिरवलं आणि ब्रश विठूबाबांच्या हातात दिला.

"ओला हाय," पाटाच्या कडेवर एक रेघ ओढून बघत ते म्हणाले. "अजून जरा आवळ."

तिने पुन्हा धरला, ओठ आवळले.

"हां. आता बरोबर."

रेघ ओढली गेली. एका श्वासात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सलग. ब्रश परत तिच्याकडे आला. ती खळबळायची, रंगात बुडवायची, ओठांत घ्यायची, द्यायची. सातव्या-आठव्या वेळेला तिला कळायला लागलं की केसांत पाणी उरलंय ते ओठांना खरंच कळतं, जिभेला नाही, हाताला तर नाहीच. दुसऱ्या डोळ्याच्या बुबुळापर्यंत दोघांना बोलायलाही लागलं नाही. किळस गेली असं मुळीच नाही. प्रत्येक वेळी नको वाटत होतं आणि प्रत्येक वेळी ती ब्रश तोंडात धरत होती.

आदेश आला तेव्हा बुबुळात शेवटचा पांढरा ठिपका पडला होता. त्याने मूर्तीकडे बघून हात जोडले, मग बहिणीकडे वळला आणि दोन पावलं मागे सरला.

"शी, ताई! तोंड बघ तुझं. काय खाल्लंस काय?"

तिचे ओठ, जीभ, दात सगळं काळं झालं होतं. सुशीलने छाप्यांचा गठ्ठा उचलला आणि वरच्या फळीवर ठेवला. उरलेल्या तीस मूर्ती त्याने एकेक करून बापाच्या पाटासमोर मांडायला घेतल्या.

तिसऱ्या दिवशी नूतनला सणकून सर्दी झाली. होणारच होती. एका ब्रशवर दोघांची तोंडं, आणखी काय होणार? दुपारपर्यंत नाक लाल झालं, संध्याकाळपर्यंत सोललं. पदराने पुसून पुसून तिने स्वतःची तीच गत करून घेतली. पदराला जरीचा काठ होता. लोकांना शिकवायला ठीक असतं.

रात्रीच्या जेवणाआधी सुशीलने तिचा फुलाचा पेला दोन बोटांत धरून मोरीच्या कडेला नेऊन ठेवला. तोंड फिरवून. अगदी तिच्यासारखं. नूतनच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि लगेच विझलीही, कारण या माणसाला काय म्हणून बोलणार?

"इकडे बस गो," विठूबाबा म्हणाले.

त्यांच्या हातात कोमट पाण्याची वाटी होती आणि धुतलेलं धोतराचं कापड. त्यांचं स्वतःचं नाक आता सुकलं होतं, नवी गुलाबी कातडी धरत होती, ओठांची चीर मिटली होती. दोन दिवस त्यांनी ब्रश तोंडात घातला नव्हता, टोक नूतनच काढून देत होती; ते पाणी पीत होते आणि मलम पातळच लावत होते. तिने तोंड वर केलं. कापड नाकाखाली टेकलं, दाबलं नाही, ओढलं नाही. खपल्या सुटल्या. म्हाताऱ्याने कापडाकडे बघितलं, घडी उलटली आणि स्वच्छ बाजूने टिपलं. तोंडावरची एक रेषही हलली नाही.

मग डबी उघडली. ज्या बोटांनी चाळीस वर्षं पापण्या काढल्या त्यांतल्या एका बोटाच्या टोकावर त्यांनी मोहरीएवढी जेली घेतली आणि नाकपुडीच्या कडेने फिरवली, कुठे जाड नाही, कुठे तुटली नाही. एका श्वासात. मग वरचा ओठ, मग खालचा. आग थांबली. नूतनच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते सर्दीचं नव्हतं.

"मी असं नाय लावलं तुम्हाला," ती म्हणाली.

"नाय लावलंस," विठूबाबा म्हणाले.

सुशील दारात उभा राहून बघत होता. "बाबा, हात धुवा साबणाने. सर्दी पुन्हा लागेल तुम्हाला."

"सर्दीचं बघू," म्हातारा उठत म्हणाला. "पण धुतो. अजून नऊ गणपतींचे डोळे राहिलेत माझे."